गाडीच्या पुढे धावणारा रस्ता

‘ग्रँड थेफ्ट ऑटो ३’ हा गेम ऑक्टोबर २००१मध्ये प्लेस्टेशन २वर आला. लिबर्टी सिटी नावाचं एक अख्खं शहर खेळणाऱ्याच्या हवाली केलेलं होतं. रस्त्यावरची कोणतीही गाडी घ्यावी आणि मनाला येईल त्या गल्लीत शिरावं. मात्र हे शहर तीन बेटांवर वसलेलं होतं आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाताना खेळ थांबायचा. पडद्यावर नव्या भागाच्या स्वागताचं चित्र यायचं, काही सेकंद जायचे आणि मग गाडी पुन्हा हलायची.

तीनच वर्षांनी, २००४मध्ये, त्याच यंत्रावर ‘सॅन अँड्रियास’ आला. तीन शहरं, मधली खेडी, जंगल, वाळवंट आणि एक उंच डोंगर, असा साधारण सहा किलोमीटर लांब-रुंद मुलूख. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गाडी हाणली तरी वाटेत कुठे थांबा नाही. यंत्राची मेमरी होती तेवढीच होती, फक्त ३२ एमबी. आजच्या मोबाइलने काढलेले सात-आठ फोटो ठेवले की ती भरेल. गेमची डीव्हीडी मात्र काही जीबींची. म्हणजे खेळाच्या कोणत्याही क्षणी त्या मुलखाचा जेमतेम एक टक्का यंत्राच्या हाताशी असायचा. बाकीचा सगळा डीव्हीडीवर, वाट बघत.

लोडिंग स्क्रीन गायब झाली म्हणजे लोडिंग संपलं, असं खेळणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात ते अखंड चालू झालेलं असतं. पूर्वी एकदाच दहा सेकंद थांबून जे काम व्हायचं, ते आता खेळ चालू असताना दर क्षणी थोडं थोडं होतं. त्याला स्ट्रीमिंग म्हणतात. पंगतीतल्या चांगल्या वाढप्याकडे पाहिलं की हे लक्षात येतं. पान रिकामं व्हायच्या आधी तो पोचलेला असतो, आणि म्हणूनच तो कधी आला नि कधी गेला हे जेवणाऱ्याच्या ध्यानातही राहत नाही.

‘जीटीए ३’च्या डीव्हीडीवर हे कसं बसवलं होतं, ते पाहण्यासारखं आहे. घरं, दिव्यांचे खांब, कचरापेट्या, झाडं, गाड्या अशा वस्तू gta3.img या एकाच भल्यामोठ्या फाइलमध्ये एकापुढे एक रचलेल्या असत. ही फाइल २०४८ बाइटच्या तुकड्यांत मोजली जायची. सोबत gta3.dir ही छोटी फाइल असायची आणि कोणती वस्तू कितव्या तुकड्यापासून सुरू होते नि किती तुकडे व्यापते, एवढीच तिच्यात नोंद. एखादी इमारत हवी झाली की गेम डीव्हीडी ड्राइव्हला सांगणार, अमुक तुकड्यापासून तमुक तुकडे दे. शोधाशोध नाही, फाइल उघडणं-मिटणं नाही. तेवढ्या बाइट उचलायच्या आणि मेमरीत जागेवर ठेवायच्या. जागा नसेल तर जी इमारत मागे पडली आहे ती काढून टाकायची.

ऐकायला सोपं आहे. अडचण ड्राइव्हच्या वेगाची होती. प्लेस्टेशन २चा ड्राइव्ह चांगल्यात चांगल्या परिस्थितीत सेकंदाला पाच एमबीच्या आसपास वाचतो, आणि तेही वस्तू ओळीने ठेवलेल्या असतील तर. एक वस्तू तबकडीच्या आतल्या कडेला आणि दुसरी बाहेरच्या कडेला असेल, तर वाचणाऱ्या भिंगाला तिथवर सरकावं लागतं. त्या प्रत्येक उडीत सेकंदाचा साधारण दहावा भाग जातो. सेकंदात पाच उड्या मारल्या की अर्धा सेकंद उड्यांतच संपला. त्यात गाडीतला रेडिओही त्याच डीव्हीडीवरून वाजतो. गाणं मध्येच तुटून चालत नाही, म्हणून भिंगाला ठरावीक वेळाने गाण्याकडेही धावावं लागतं.

आता खेळणाऱ्याची बाजू. गाडी सेकंदाला तीस मीटर म्हणजे ताशी १०८ किलोमीटरने जाते आहे, आणि तीनशे मीटरवरची इमारत नीट दिसायला हवी असं ठरवलं, तर ती इमारत गाडीजवळ यायला फक्त दहा सेकंद आहेत. सरळ रस्त्यावर पुढे काय लागणार हे ओळखता येतं. पण खेळणाऱ्याने अचानक डावीकडे वळण घेतलं की आणलेल्यातलं निम्मं वाया जातं आणि भलत्याच दहा-बारा इमारती एकदम हव्या होतात.

‘जीटीए ३’च्या दोन तांत्रिक संचालकांपैकी एक, ऑब्बे फर्मेय, यांनी त्या दिवसांबद्दल पुढे जाहीरपणे लिहिलं आहे. स्ट्रीमिंगचं काम त्यांचे सहकारी अ‍ॅडम फाउलर यांच्याकडे होतं. वस्तू तबकडीवर कुठे ठेवायच्या याची मांडणी सुधारून झाली, तरी पोर्टलंड या पहिल्या बेटावर गाडी डीव्हीडीच्या पुढे जातच होती. शेवटी काही ठिकाणी रस्त्यांची आखणीच बदलली, म्हणजे एका वस्तीतून दुसरीत शिरताना वेग आपोआप कमी होईल. गाड्यांना होणारा हवेचा विरोधही किंचित वाढवला. रस्त्यावरचं एखादं वळण तिथे का आहे, याचं उत्तर नगररचनेत नसून डीव्हीडीच्या भिंगात होतं.

हे समजलं की इतर गेममधल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. दोन मोठ्या जागांना जोडणारा नागमोडी बोळ, संथ लिफ्ट, दोन कड्यांच्या फटीतून नायकाला अंग चोरून आडवं सरकायला लावणारा प्रसंग. यांतल्या पुष्कळशा जागा गोष्टीसाठी कमी आणि वेळ काढण्यासाठी जास्त असतात.

पण केवळ लवकर आणण्याने प्रश्न सुटत नाही, कारण मोकळ्या मैदानात उभं राहिलं की नजर फार लांब जाते. पाच किलोमीटरवरचा डोंगर दिसायलाच हवा. इथे दुसरं तंत्र उपयोगी पडतं. त्याचं नाव लेव्हल ऑफ डिटेल, आणि गेम बनवणारे त्याला नुसतं एलओडी म्हणतात.

कल्पना जुनी आहे. संगणकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क यांनी १९७६च्या एका शोधनिबंधात ती मांडली. वस्तू लांब असताना पडद्यावर इवलीशी दिसते, मग तिचे सगळे बारकावे काढायचेच कशाला? एकाच वस्तूच्या दोन-तीन प्रती करून ठेवाव्यात. जवळून पाहायची प्रत हजारो त्रिकोणांची, मधल्या अंतराची काही शेकड्यांची, आणि फार लांबची म्हणजे चार भिंतींचा खोका, त्यावर खिडक्यांचं चित्र चिकटवलेलं. ‘सॅन अँड्रियास’मध्ये दूरवर दिसणारी शहरं अशाच खोक्यांची होती. त्या साध्या प्रती इतक्या हलक्या असतात की मेमरीत त्यांचा भार फारसा होत नाही. खेळणारा जवळ येतो, डीव्हीडीवरून खरी इमारत येते, आणि मगच खोका हटवला जातो. क्रम महत्त्वाचा आहे. खोका आधी हटवला तर मध्ये रिकामं आकाश दिसेल.

जमिनीचं गणित याहून गमतीचं आहे, कारण जमीन सलग असते. घर उचलून बदलता येतं, डोंगर मधूनच कापता येत नाही.

समजा, एका गेममध्ये १६ किलोमीटर लांब आणि तितकीच रुंद जमीन आहे. गेममधली जमीन बहुधा उंचीच्या नकाशावरून बनते. जमिनीवर चौकटींची जाळी टाकायची आणि प्रत्येक गाठीपाशी उंची किती, एवढाच आकडा लिहून ठेवायचा. दर मीटरला एक गाठ धरली तर एका बाजूला १६,३८४ गाठी होतात आणि एकूण जवळपास २७ कोटी. प्रत्येक आकड्याला दोन बाइट धरले तर नुसत्या उंचीलाच ५३६ एमबी लागले. त्यावरचं गवत, माती, दगड, झाडं अजून यायचेच आहेत. पडद्यावर काढायचं म्हटलं तर प्रत्येक चौकटीचे दोन त्रिकोण, म्हणजे ५३ कोटींहून जास्त. आणि नेहमीच्या फुल एचडी पडद्यावर पिक्सेल असतात जेमतेम २१ लाख. एकेका पिक्सेलमागे अडीचशे त्रिकोण झाले! यातले बहुतेक कुणाच्याही डोळ्यांना दिसणारच नाहीत.

यावरचा एक सुबक तोडगा फ्रँक लोसासो आणि ह्यूग हॉप यांनी २००४मध्ये मांडला. खेळणाऱ्याभोवती २५६ मीटरचा चौकोन घ्यायचा, त्यात दर मीटरला एक गाठ. त्याच्या बाहेर ५१२ मीटरचा चौकोन, त्यात दर दोन मीटरला एक. त्याच्या बाहेर १०२४ मीटरचा, दर चार मीटरला एक. असं दुप्पट-दुप्पट करत गेलं की सातव्या चौकोनात आपली १६ किलोमीटरची जमीन पुरी होते. गंमत अशी की प्रत्येक चौकोनात गाठी तितक्याच, २५६ गुणिले २५६, म्हणजे सुमारे ६५ हजार. सात चौकोनांच्या मिळून साडेचार लाखांच्या आसपास. त्यांना जागा लागते एक एमबीहूनही कमी. जिथे ५३६ एमबी लागत होते तिथे एक, आणि ५३ कोटी त्रिकोणांच्या जागी सातेक लाख.

खेळणाऱ्याला फरक का कळत नाही, हे पडद्यावरच्या मापावरून दिसतं. ९० अंशांच्या नजरेने फुल एचडी पडद्यावर पाहिलं, तर शंभर मीटरवरचा एक मीटरचा दगड दहाएक पिक्सेल भरतो. दोनशे मीटरवर तोच पाच पिक्सेल, आणि एक किलोमीटरवर एका पिक्सेलएवढाही राहत नाही. अंतर दुप्पट झालं की गाठींमधली फटही दुप्पट करायची, म्हणजे पडद्यावर तिचं माप जवळपास सारखंच राहतं. डोंगर लांब असला तरी ओबडधोबड वाटत नाही. म्हणून चांगला गेम अंतर मोजण्याऐवजी वस्तू पडद्यावर किती पिक्सेल व्यापेल हे मोजतो. खेळणाऱ्याने दुर्बीण किंवा बंदुकीची नळी डोळ्याला लावली, तर जागा न सोडताही लांबचा डोंगर पडद्यावर आठपट मोठा होतो. अशा वेळी लांबच्या साध्या प्रतीने भागत नाही. तीच नेमकी वेळ पकडली जाण्याची असते. ज्यांना हे तंत्र डोळ्यांनी पाहायचं आहे त्यांनी एखाद्या ओपन वर्ल्ड गेममध्ये टेकडीवर उभं राहून दुर्बीण झटकन लांबच्या गावावर न्यावी. घरांच्या कडा, खिडक्या, झाडांची पानं अर्ध्या-एका सेकंदात एकेक करून भरताना दिसण्याची शक्यता आहे.

चौकोन जिथे एकमेकांना भिडतात तिथे खरी कसरत असते. आतल्या चौकोनात दर मीटरला गाठ, बाहेरच्यात दर दोन मीटरला. सीमेवर आतल्या बाजूची एक गाठ अशी येते की बाहेरच्या बाजूला तिला जोडीदारच नाही. आतली गाठ थोडी वर, बाहेरची कड सरळ, आणि दोहोंमध्ये केसाएवढी चीर. त्या चिरेतून मागचं आकाश चमकतं, आणि हिरव्या डोंगरावर पांढरे ठिपके लुकलुकतात. यावर साधा उपाय म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या कडेला खाली लोंबणारी झालर लावणं. चीर पडली तरी तिच्यातून आकाशाऐवजी मातीच्याच रंगाची झालर दिसते. याहून नाजूक उपाय असा की सीमा जवळ येऊ लागली की आतल्या जादा गाठी हळूहळू सरकवत बाहेरच्या रेषेवर आणून ठेवायच्या. बदल एका झटक्यात होत नाही, जमीन जणू वितळत आकार बदलते आणि नजर फसते.

आणखी एक छोटीशी युक्ती जवळपास सगळ्यांना करावी लागते. एखादी इमारत २०० मीटरच्या आत आल्यावर आणायची आणि २०० मीटरपलीकडे गेल्यावर काढायची, असा नियम केला, तर नेमका त्या रेषेवर मागेपुढे करणारा खेळाडू यंत्राला वेड लावेल. तीच इमारत पुनःपुन्हा आणा आणि काढा. म्हणून आणायची रेषा २०० मीटरवर आणि काढायची २५० मीटरवर, असं मध्ये अंतर ठेवतात.

आणि धुकं? जुन्या गेममध्ये धुकं हे वातावरणनिर्मितीइतकंच झाकणही होतं. ‘सॅन अँड्रियास’च्या मुलखावर कायम एक धूसर पडदा असायचा आणि त्याच्या पलीकडचं काही काढावंच लागत नसे. २०२१मध्ये या गेमची नवी आवृत्ती निघाली. नव्या यंत्रांना सगळा मुलूख एकाच वेळी दाखवणं सहज शक्य होतं, म्हणून तिच्यात हे धुकं नव्हतं. परिणाम विचित्र झाला. डोंगरावर चढलं की तिन्ही शहरं एका नजरेत मावू लागली आणि जे राज्य अफाट वाटायचं ते खेळण्यातल्या गावाएवढं दिसू लागलं. त्या धुक्याने दोन कामं केली होती, आणि दुसऱ्या कामाची आठवण ते काढल्यावरच झाली.

डीव्हीडीची जागा हार्ड डिस्कने घेतली तेव्हा वेग दहापट वाढला, पण भिंगाऐवजी आता डिस्कवरची सुई उड्या मारू लागली. प्लेस्टेशन ४चं आणि पुढे ५चं मुख्य रचनाकाम पाहणारे मार्क सर्नी यांनी मार्च २०२०च्या भाषणात याचा हिशेब सांगितला. हार्ड डिस्क सेकंदाला ५० ते १०० एमबी वाचते, पण एकेक उडी २ ते ५० मिलिसेकंद खाते. त्यांनी उदाहरण दिलं ते २०१८च्या ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन’चं. न्यूयॉर्कच्या उंच इमारतींमधून जाळ्याच्या दोरीने झोके घेत जाणारा नायक, आणि खाली रस्त्यावर प्रत्येक कोपऱ्यावर टपालपेट्या, वर्तमानपत्रांच्या पेट्या. टपालपेटी डिस्कवर एकाच जागी ठेवली, तर प्रत्येक चौकासाठी सुईला तिथे उडी मारून परत यावं लागेल. म्हणून शहराच्या प्रत्येक तुकड्याच्या पुडक्यात तिची वेगळी प्रत ठेवलेली होती. काही वस्तूंच्या अशा डिस्कवर ४०० प्रती होत्या. जागा गेली पण वेळ वाचला. गेम डाउनलोड करताना शंभर जीबीचा आकडा पाहून ज्यांनी कपाळावर हात मारला असेल, त्यांना त्या आकड्यामागचं हे एक कारण.

प्लेस्टेशन ५मध्ये फिरणारी तबकडी गेली आणि एसएसडी आली. वेग सेकंदाला साडेपाच जीबी आणि उडी जवळपास फुकट. ‘स्पायडर-मॅन’मध्ये नकाशावर एकदम लांबच्या ठिकाणी जायचं म्हटलं, की नायक भुयारी रेल्वेत बसलेला दाखवत. तो प्रवास लोडिंग झाकण्यासाठीच होता. एप्रिल २०१९मध्ये सर्नी यांनी ‘वायर्ड’च्या प्रतिनिधीला दाखवलं की प्लेस्टेशन ४ प्रोवर ज्या कामाला १५ सेकंद लागत होते, ते नव्या यंत्राच्या प्राथमिक नमुन्यावर ०.८ सेकंदात उरकलं. रेल्वेत बसायला वेळच उरला नाही.

डिस्क मागे पडली की काय होतं, याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण ‘सायबरपंक २०७७’ हे आहे. डिसेंबर २०२०मध्ये तो आला, तेव्हा जुन्या प्लेस्टेशन ४वर रस्ते ओस पडलेले, माणसांचे चेहरे मेणाचे आणि समोरच्या गाड्या अचानक प्रकटलेल्या दिसत होत्या. १८ डिसेंबरला सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये परत घेतला. गेम बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्टचे सहसंस्थापक मार्चिन इविन्स्की यांनी जानेवारी २०२१मध्ये माफी मागताना जे स्पष्टीकरण दिलं, त्यात खेळ चालू असताना होणाऱ्या स्ट्रीमिंगचाच मुद्दा होता. शहर दाट, रस्त्यात थांबायला लावणाऱ्या लोडिंग स्क्रीन जवळजवळ नाहीत, आणि जुन्या यंत्रांना तेवढा माल त्या वेगाने पुरवता येत नव्हता.

असा बिघाड ओळखण्याच्या दोन-तीन ठळक खुणा आहेत. भिंती जागेवर आहेत पण त्यांच्यावरचं चित्र पुसट आहे आणि दोन सेकंदांनी ठसठशीत होतं, म्हणजे टेक्स्चर उशिरा पोचलं. थांबून राहिलं की दृश्य सुधारतं आणि पळू लागलं की पुन्हा बिघडतं, म्हणजे डिस्क वेगात कमी पडते आहे. गाडी जोरात जाताना पायाखालची जमीनच नाही आणि गाडी पोकळीत पडते, म्हणजे टकरीचा हिशेब ठेवणारी माहिती वेळेत आली नाही. हे टाळण्यासाठी नीट बांधलेला गेम जमिनीची कठीण बाजू आधी आणतो आणि सुंदर बाजू नंतर. याउलट, वेग सारखाच खराब असेल आणि थांबल्यावरही दृश्य अडखळत असेल, तर दोष बहुधा डिस्कचा नसतो, ग्राफिक्स कार्डाचा किंवा प्रोसेसरचा असतो.

म्हणून ओपन वर्ल्ड गेमसाठी जुना संगणक सुधारायचा विचार करणाऱ्यांनी खर्चाचा क्रम नीट लावावा. २०२३मध्ये आलेल्या ‘स्टारफील्ड’ने किमान गरजांच्या यादीतच एसएसडी घातली आणि ‘सायबरपंक’नेही त्याच वर्षीच्या २.० आवृत्तीपासून हार्ड डिस्कचा आधार काढून घेतला. समोरची झाडं उशिरा उगवत असतील, तर महागडं ग्राफिक्स कार्ड घ्यायच्या आधी गेम एसएसडीवर हलवून बघा.